व्याख्यानातला ‘टिंग’ आणि आवाजाचं रफूकाम

बहात्तरच्या दुष्काळावरचं एक व्याख्यान. बोलणाऱ्या निवृत्त प्राध्यापक बाई. आवाज स्वच्छ, शब्द सावकाश, ध्वनिमुद्रणही चांगलं. त्या म्हणतात, “बहात्तरच्या दुष्काळात गावोगावी खडी फोडायची कामं निघाली,” आणि नेमका ‘दुष्काळात’ या शब्दावर पहिल्या रांगेतल्या कोणाचा तरी फोन वाजतो. दोन सुरांचं टिंग-टिंग, जेमतेम पाऊण सेकंदाचं. सभागृहात बसलेल्यांचं कदाचित लक्षही गेलं नसेल. पण हेच व्याख्यान पुढे घरी इअरफोन लावून ऐकणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या फोनकडे जातो, आणि बाईंचं वाक्य हातचं निसटतं. खोकला किंवा खुर्ची सरकल्याचा आवाज कान विसरून जातात. संदेश आल्याची खूण मात्र विसरली जात नाही, कारण ती लक्ष वेधण्यासाठीच घडवलेली असते.

हा आवाज कापून टाकता येत नाही. कापला तर ‘दुष्काळात’ हा शब्दही जाईल. तेवढ्या भागाचा आवाज खाली केला तर बाईही खाली जातील. ध्वनी संपादनाच्या नेहमीच्या पडद्यावर आपल्याला लाटांचा एक जाड पट्टा दिसतो. आडवी दिशा म्हणजे वेळ, उभी म्हणजे ध्वनीचा जोर. त्या पट्ट्यात बाईंचा आवाज आणि फोनचा आवाज एकाच रेघेत मिसळलेले असतात आणि कात्री चालवायची तर दोघांवरही चालते.

अशा वेळी बहुतेकजण गोंगाट कमी करणारं तयार साधन वापरून बघतात. ते साधन पंख्याच्या किंवा एसीच्या घरघरीसाठी बनवलेलं आहे. त्याला आधी नुसत्या घरघरीचा एक तुकडा ऐकवावा लागतो, मग ते तशीच अखंड चालणारी घरघर सगळीकडून वजा करतं. फोनचा टिंग अखंड नसतो. तो एकदाच येतो, आणि आधी ऐकवायला त्याचा बाईंशिवायचा नमुनाही आपल्याकडे नसतो. हे साधन सबंध व्याख्यानावर चालवलं, तर टिंग तसाच राहतो आणि बाईंचा आवाज उगाच बोथट होतो.

यातून वाट निघते ती चित्र बदलल्यावर. त्या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. त्यातही आडवी दिशा वेळेचीच असते, पण उभी दिशा कंपनसंख्येची असते. खाली खर्ज, वर तार. एखाद्या क्षणी कुठल्या उंचीचा ध्वनी किती जोरात आहे, हे रंगाच्या उजळपणावरून कळतं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत राल्फ पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940च्या दशकात अशी यंत्रं बनवली होती. बोलणं डोळ्यांनी वाचता यावं, विशेषतः ऐकू न येणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, असा त्यांचा विचार होता. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1947 साली आलं. चित्र बघून ध्वनी समजून घेण्याची ती सोय होती. चित्रावर खूण करून तेवढाच ध्वनी बदलण्याची सोय संगणकाबरोबर, कितीतरी नंतर आली. आज ती फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीतही आहे. आयझोटोप आरएक्स, अडोबी ऑडिशन किंवा स्पेक्ट्रालेयर्स यांसारख्या विकत घ्यायच्या प्रणालींमध्ये ती जास्त तल्लख स्वरूपात आहे.

स्पेक्ट्रोग्राममध्ये बाईंचं बोलणं कसं दिसतं, ते आधी पाहू. त्यांचा आवाज साधारण दोनशे हर्ट्झचा आहे, म्हणजे कंठ सेकंदाला दोनशे वेळा कंप पावतो. ‘आ’, ‘ओ’ असे स्वर उच्चारताना दोनशेवर एक आडवी रेघ उमटते, तिच्यावर चारशेला दुसरी, सहाशेला तिसरी, अशा समान अंतरावरच्या रेघा वरपर्यंत जातात. बोलताना सूर चढतो-उतरतो, म्हणून या रेघा कधी सरळ नसतात; सगळ्या मिळून एकत्र वर-खाली वळतात. ‘स’, ‘श’, ‘ष’ यांना रेघा नसतात. तिथे दोन-तीन हजार हर्ट्झच्या वर उजळ धूर पसरल्यासारखा दिसतो. ‘क’, ‘ट’, ‘त’ यांच्या आधी क्षणभर तोंड पूर्ण बंद होतं, म्हणून तिथे एक काळी फट दिसते आणि लगेच एक बारीक उभी रेघ.

फोनचा टिंग यात चटकन ओळखू येतो, कारण त्याच्या रेघा सरळ असतात. माणसाचा आवाज कधीच इतका सरळ नसतो. आपल्या उदाहरणातला पहिला सूर 1,320 हर्ट्झवर आहे आणि साधारण दीड दशांश सेकंद टिकतो. दुसरा 1,760वर आहे, तो अर्धा सेकंद टिकून हळूहळू विझतो. पहिल्याची एक फिकट जोडरेघ तिप्पट उंचीवर, 3,960वर दिसते. कीबोर्डची खटखट अगदी उलटी. ती उभ्या पट्ट्यांसारखी दिसते. वेळेत अगदी अरुंद, पण उंचीला काहीशे हर्ट्झपासून दहा हजारांच्या वरपर्यंत. टिंग आडवा आणि खटखट उभी, या एका फरकामुळे दोघांची कामं पूर्णपणे वेगळी होतात.

चित्र किती स्पष्ट दिसेल हे मात्र आपल्या निवडीवर अवलंबून असतं, आणि इथेच नवखे अडकतात. संगणक ध्वनीचे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकात कुठल्या कंपनसंख्या आहेत ते मोजतो. तुकडा लांब घेतला तर कंपनसंख्या बारकाईने कळतात, पण नेमकं कधी काय घडलं ते पुसट होतं. तुकडा आखूड घेतला तर वेळ नेमकी कळते, पण कंपनसंख्या एकमेकींत मिसळतात. दोन्ही एकाच वेळी हवे तितके नेमके मिळत नाहीत. ही संगणकाची कमतरता नाही, ध्वनीच्या मोजमापाचाच तो नियम आहे. डेनिस गाबोर यांनी 1946 साली तो गणितात मांडला. पुढे होलोग्राफीसाठी नोबेल मिळवणारे ते हेच गाबोर. आपल्या कामात या नियमाचा अर्थ असा की टिंगसाठी लांब तुकडा आणि खटखटीसाठी आखूड तुकडा निवडायचा, आणि एकाच सेटिंगवर दोन्ही कामं करायची नाहीत.

आकड्यांत सांगायचं तर, व्हिडिओसाठीचं ध्वनिमुद्रण सहसा सेकंदाला 48,000 नमुन्यांचं असतं. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाजवळचा मेन्यू उघडून `Spectrogram` निवडलं, आणि `Spectrogram Settings`मध्ये `Window size` 4096 ठेवलं, तर प्रत्येक तुकडा 85 मिलिसेकंदांचा होतो आणि कंपनसंख्येच्या पायऱ्या सुमारे 12 हर्ट्झच्या होतात. बाईंच्या आवाजाच्या रेघा दोनशे हर्ट्झच्या अंतराने असल्यामुळे दोन रेघांमधली मोकळी जागा स्पष्ट दिसते आणि टिंगची सरळ रेघ त्या जागेत वेगळी उठून दिसते. तेच आकारमान 1024 केलं, तर तुकडा 21 मिलिसेकंदांचा आणि पायरी 47 हर्ट्झची होते. प्रत्येक रेघ पसरून शेजारच्या रेघेला टेकते आणि टिंग त्या गर्दीत हरवतो. तिथेच `Enable Spectral Selection`वर खूण असल्याची खात्री करून घ्यायची. ती नसेल, तर माउस ओढल्यावर सगळी उंची निवडली जाते आणि आपण पुन्हा जुन्या कात्रीपाशी येतो.

आता ‘दुष्काळात’ हा शब्द सावकाश उलगडू. पहिला सूर ‘ष’च्या मध्यावर सुरू होतो, ‘क’ची काळी फट ओलांडतो आणि ‘का’च्या सुरुवातीला संपतो. म्हणजे दीड दशांश सेकंदात त्याच्याखाली तीन वेगवेगळ्या परिस्थिती आहेत, आणि तिन्हींना एकच उपाय लावला की काम बिघडतं.

सर्वांत सोपी जागा म्हणजे ‘क’ची फट. तिथे बाईंचा कुठलाच आवाज नाही, टिंग उघडा पडलेला आहे आणि म्हणून सगळ्यांत जास्त तिथेच ऐकू येतो. तिथे 1,295 ते 1,345 एवढी पट्टी निवडून `Spectral Delete` चालवलं तरी बाईंचं काही जात नाही. ‘ष’मध्ये 1,320ची रेघ धुराच्या खाली आहे, तीही तशीच निवडून काढता येते. पण वरची 3,960ची जोडरेघ ‘ष’च्या ऐन धुरातून जाते. तिला मी हात लावत नाही. आजूबाजूच्या सळसळीत ती कानाला झाकली गेलेली असते. ती काढायला गेलं तर ‘ष’मध्ये बारीक भोक पडतं आणि ते भोक मूळ रेघेपेक्षा जास्त जाणवतं. डोळ्याला दिसणारं सगळं पुसायचा मोह इथे आवरावा लागतो.

‘का’मध्ये बाईंचा सूर त्या क्षणी 205 हर्ट्झवर आहे. म्हणजे त्यांच्या रेघा 1,230 आणि 1,435वर, आणि टिंग 1,320वर, दोन्हींपासून चांगला दूर. तिथे `Spectral edit parametric EQ` घेऊन उणे 18 डेसिबलने खाली आणलं की पुरतं. 18 डेसिबल म्हणजे लाटेची उंची साधारण आठव्या हिश्शावर येते. सभागृहाची स्वाभाविक गुणगुण त्यातून शिल्लक राहते आणि तेवढा टिंग स्वराखाली दबून जातो.

दुसऱ्या सुरात खरी अडचण आहे. ‘काळा’ म्हणताना बाईंचा आवाज 205वरून 185पर्यंत उतरतो. त्यांची नववी रेघ या काळात 1,845वरून 1,665पर्यंत खाली येते, आणि वाटेत, आवाज 195च्या थोडा वर असताना, ती टिंगच्या 1,760च्या रेघेला ओलांडते. नेमक्या त्या क्षणी दोन्ही ध्वनी एकाच जागी आहेत. तिथे पट्टी पूर्ण पुसली तर बाईंची एक रेघ तुटते आणि ‘ळा’ किंचित पोकळ होतो. म्हणून मी दुसऱ्या सुराचे तीन भाग करतो: ओलांडणीच्या आधीचा, ओलांडणीचा आणि नंतरचा. आधी आणि नंतर उणे 18, मध्ये फक्त उणे 6. मधल्या भागात राहिलेला टिंग बाईंच्या स्वतःच्या रेघेत मिसळून जातो आणि वेगळा ऐकू येत नाही.

या कामात हमखास राहून जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे टिंगची सुरुवात. सूर वाजू लागतो त्या क्षणी एक बारीक उभी रेघ उमटते, कारण अचानक सुरू होणारा कुठलाही ध्वनी क्षणभर सगळ्या उंचीवर पसरतो. आडव्या रेघा काढल्या आणि ही उभी राहिली, तर टिंग जातो पण त्याच्या जागी ‘टिक’ ऐकू येतं. दुसरी म्हणजे शेपूट. सभागृहाच्या भिंतींवरून परतणारा टिंग पुढच्या ‘गावोगावी’पर्यंत फिकट रेघेने चालू असतो. चित्राचा उजळपणा वाढवून बघितल्याशिवाय ती दिसत नाही. शेपूट राहिलं की ऐकणाऱ्याला काय वाजलं ते कळत नाही, पण काहीतरी वाजून गेल्यासारखं वाटत राहतं.

पट्टी किती अरुंद घ्यायची, यालाही मर्यादा आहे. वाटतं की 1,320ची रेघ आहे तर दहा हर्ट्झची पट्टी पुरे, बाईंचं कमीत कमी जाईल. पण गाबोरांचा नियम इथेही लागू होतो. जितकी अरुंद चाळणी, तितका तिचा परिणाम वेळेत पसरतो. दहा हर्ट्झची चाळणी साधारण दशांश सेकंद घुमत राहते, म्हणजे पुढच्या अक्षरापर्यंत. पन्नास हर्ट्झची चाळणी सुमारे 20 मिलिसेकंदांत शांत होते. म्हणून वर 1,295 ते 1,345 हे आकडे घेतले.

काम बरं झालं की वाईट, हे ठरवायला माझ्या मते एकच कसोटी भरवशाची आहे: काय राहिलं ते ऐकण्याआधी काय काढलं ते ऐकायचं. मूळ ट्रॅकची प्रत ठेवलेली असते. तिच्यावर `Invert` चालवायचं, म्हणजे तिच्या लाटा उलट्या होतात. मग ती आणि दुरुस्त केलेला ट्रॅक एकत्र वाजवायचे. दोन्हींत जे सारखं आहे ते एकमेकांना खोडतं आणि पूर्ण शांतता होते. फक्त आपण बदललेल्या जागी ध्वनी उरतो, आणि तो ध्वनी म्हणजे आपण काढून टाकलेला भाग. त्यात नुसता टिंग ऐकू आला, तर काम चोख झालं. त्यात बाईंचा ‘आ’ किंवा ‘ष’ ओळखू आला, तर आपण त्यांच्या शब्दातून तेवढं काढलं आहे आणि मागे जाऊन पट्टी कमी करायला हवी. या कसोटीसाठी दोन्ही ट्रॅक एका नमुन्याच्याही फरकाशिवाय जुळलेले असावे लागतात, आणि मधल्या काळात एकूण आवाज कमी-जास्त केलेला नसावा लागतो.

आता कीबोर्ड. ऑनलाइन व्याख्यानात हा त्रास जास्त असतो. वक्ता बोलत असतो आणि माइक बंद करायचं राहून गेलेलं कोणीतरी टिपणं टाइप करत असतं. किंवा वक्ता स्वतःच बोलता बोलता चॅटमध्ये दुवा लिहितो आणि लॅपटॉपचा माइक किल्ल्यांपासून चार बोटांवर असतो.

किल्लीचा एक ठोका म्हणजे प्रत्यक्षात दोन आवाज. बोट किल्लीवर पडून ती तळाला आपटते तो एक, आणि किल्ली सुटून वर येते तो दुसरा. दोन्हींत मिळून सुमारे दशांश सेकंद जातो. स्पेक्ट्रोग्राममध्ये म्हणून उभ्या पट्ट्या जोडीने दिसतात, पहिली उजळ आणि दुसरी फिकट. दुसरी सोडून दिली की काढलेल्या खटखटीच्या जागी हलकी टिकटिक उरते. या पट्ट्या बघण्यासाठी `Window size` 512वर आणायचं. 48,000 नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणात तो तुकडा 11 मिलिसेकंदांहून थोडा कमी होतो आणि ठोका नेमका कुठे सुरू झाला ते दिसतं.

खरं तर या कामासाठी तयार साधनंही आहेत. जुन्या तबकड्यांवरचा कडकडाट काढणारी साधनं आपोआप असे ठोके शोधतात. मराठी व्याख्यानावर ती मी आंधळेपणाने चालवत नाही. आपल्या भाषेत ‘ट’, ‘ड’, ‘क’, ‘प’ ही स्फोटक व्यंजनं ठायीठायी आहेत, त्यांत महाप्राणांची भर आहे, आणि ‘चाक’मधला च, ‘जाळं’मधला ज यांची सुरुवातही तशीच बारीक आणि उंच असते. ‘वाट’ या शब्दातल्या ‘ट’ची उभी रेघ आणि किल्लीचा ठोका चित्रात सख्खे भाऊ दिसतात. साधनाला फरक कळत नाही. ते ‘वाट’मधला ‘ट’ही उचलतं आणि ऐकणाऱ्याला ‘वाऽ’ असा काहीतरी अर्धवट शब्द मिळतो. ओळखायची एक खूण आहे. व्यंजनाच्या स्फोटाआधी जवळजवळ नेहमी ती काळी फट असते आणि स्फोटानंतर लगेच स्वराच्या रेघा वळण घेत सुरू होतात. किल्लीचा ठोका मात्र कशाचीच वाट पाहत नाही, तो चालू स्वराच्या मध्येच येऊन आदळतो. खात्री नसेल तर तेवढा अर्धा सेकंद पुन्हा ऐकायचा. डोळ्यांवर निर्णय सोडायचा नाही.

ठोका दोन वाक्यांमधल्या विरामात पडला असेल तर काम सोपं आहे, पण तिथेही एक चूक सर्रास होते. ती जागा पूर्ण शांत केली जाते. खोलीत पंख्याची, रस्त्याची, यंत्राची पुसट गुणगुण सतत असते. मधेच ती शून्यावर गेली की कानाला खड्डा लागतो. त्याऐवजी जवळच्याच विरामातला तेवढाच लांबीचा स्वच्छ तुकडा उचलून ठोक्यावर ठेवायचा आणि दोन्ही कडा काही मिलिसेकंदांत एकमेकींत विरघळवायच्या. प्रत्येक वेळी तोच तुकडा वापरू नये. सलग आठ-दहा ठोके असतील तर एकाच तुकड्याची पुनरावृत्ती ताल धरल्यासारखी ऐकू येते.

ठोका ‘स’ किंवा ‘श’वर पडला असेल, तर बहुतेक वेळा मी तो सोडून देतो. त्या सळसळीत तो झाकला जातो.

ठोका स्वरावर पडला असेल तेव्हा मात्र खरं कौशल्य लागतं. समजा, वक्ता ‘पाणी’ म्हणतोय आणि ‘पा’च्या ‘आ’मध्ये किल्ली आपटली. त्या पट्टीचे उंचीनुसार दोन भाग करायचे. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर ‘आ’चं विशेष काही नसतं, म्हणून तिथला ठोका जवळजवळ पूर्ण खाली आणता येतो. खटखटीचा खुपणारा भाग बराचसा तिथेच असतो आणि नुसत्या तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो. खालच्या भागात स्वराच्या रेघा ठोक्याच्या आरपार जातात. तिथे पुसून चालत नाही, तिथे रफू करावं लागतं. फाटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे धागे ओढून मधलं विणकाम पुन्हा उभं करायचं. आयझोटोप आरएक्समध्ये यासाठी `Spectral Repair` आहे, ऑडिशनमध्ये बरं करणारा ब्रश आहे. दोन्ही ठोक्याच्या आधीची आणि नंतरची कंपनं बघतात आणि मधलं त्यावरून भरून काढतात. ‘आ’ स्थिर असेल आणि ठोका 15-20 मिलिसेकंदांचा असेल, तर जोड कानाला सापडत नाही. ऑडॅसिटीतलं `Repair` एका वेळी फक्त 128 नमुने दुरुस्त करतं, म्हणजे 48,000च्या ध्वनिमुद्रणात तीन मिलिसेकंदांहूनही कमी. एखाद्या बारीक टचकीला ते पुरतं, किल्लीच्या ठोक्याला नाही. ऑडॅसिटीत काम करत असाल तर स्वरावरच्या ठोक्याचा वरचा भाग उतरवा आणि खालचा उणे 6 ते 8 डेसिबलपर्यंतच आणून थांबा.

हे भरून काढणं म्हणजे अंदाज आहे, हे विसरता येत नाही. ठोक्याखाली दबलेला मूळ ध्वनी परत मिळत नाही, शेजारच्या ध्वनीवरून तो कसा असावा एवढंच ठरवलं जातं. एका ‘आ’च्या मध्यात हा अंदाज निर्धोक आहे. पण एखाद्या सनावळीचा आकडा किंवा माणसाचं नाव खटखटीखाली गेलं असेल आणि ऐकून ते कळत नसेल, तर तिथे काहीही भरू नये. तो आवाज तसाच ठेवून उपशीर्षकात ‘अस्पष्ट’ लिहावं. मुलाखत किंवा साक्ष म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणाबाबत तर मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवणं मी बंधनकारक मानतो.

फोन टेबलावर ठेवून कंपनावर असेल तर मात्र या सगळ्या उपायांनी हात टेकले जातात. मोटरचा गुरगुराट साधारण दीडशे ते अडीचशे हर्ट्झवर असतो, नेमका बाईंच्या मूळ सुराच्या पट्ट्यात, आणि टेबल त्यात स्वतःचा खडखडाट मिसळतं. दोन्ही रेघा एकमेकींवर इतक्या पडलेल्या असतात की वेगळ्या काढताच येत नाहीत. उणे 4-5 डेसिबल खाली आणण्यापलीकडे मी जात नाही.

अजून एक गोष्ट चित्रात दिसत नाही, पण कानाला कळते. बरीच मुद्रणयंत्रं आणि ऑनलाइन बैठकीच्या प्रणाली आवाजाची पातळी आपोआप सांभाळतात. जोरात टिंग वाजला की यंत्र घाबरल्यासारखं सगळाच आवाज खाली घेतं आणि मग सेकंदभरात हळूहळू वर आणतं. टिंग नीट काढला, तरी त्यानंतरचे दोन-तीन शब्द दबलेले राहतात, आणि आता तिथे टिंग नसल्यामुळे ते दबणं उलट ठळक होतं. तेवढ्या भागाला 2-3 डेसिबल हाताने वर आणावं लागतं, सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी करत.

व्याख्यान व्हिडिओत असेल तर आधी त्यातला ध्वनी न दाबता वेगळा काढायचा, दुरुस्त करायचा आणि चित्राला धक्का न लावता परत बसवायचा. एफएफएमपेग या मोफत साधनाने ते दोन ओळींत होतं:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vn -c:a pcm_s16le -ar 48000 mul.wav
ffmpeg -i vyakhyan.mp4 -i durust.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 160k navin.mp4
```

पहिली ओळ ध्वनी बाहेर काढते, दुसरी दुरुस्त ध्वनी मूळ चित्राला जोडते. दुरुस्तीच्या वेळी कुठेही लांबी बदललेली नसावी. विरामातला ठोका कापून जागा मिटवली, तर त्या क्षणापासून पुढे सगळ्या व्याख्यानभर बाईंचे ओठ आवाजाच्या मागे पडतील. म्हणून जोडण्याआधी `mul.wav` आणि `durust.wav` यांची लांबी पाहायची. दोन्ही आकडे नमुन्यापर्यंत सारखे असले, की मगच दुसरी ओळ चालवायची. तयार व्हिडिओत शेवटच्या मिनिटातलं एखादं ‘प’ किंवा ‘ब’ शोधायचं आणि ओठ मिटून सुटतात तेव्हाच तो ऐकू येतो का, ते बघायचं.